साठ जण निवडायचे कुठून?

तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पात बहुतेकांचा जीव प्रश्नावलीत अडकतो. प्रश्न घासूनपुसून तयार होतात, पण ते विचारायचे कोणाला, हे मात्र आयत्या वेळी ठरतं. अहवालाच्या शेवटी कोणतं वाक्य लिहिण्याचा हक्क आपल्याला आहे, हे मात्र या दुसऱ्या निर्णयावरच अवलंबून असतं.

एक उदाहरण घेऊ. आपल्या गोव्यातल्या एखाद्या कॉलेजात १२०० विद्यार्थी आहेत आणि आपला विषय आहे, ‘अभ्यासाबाहेर मराठी कोण वाचतं?’ वेळ एक महिना आणि माणसं साठ.

सर्वांत सोपी ती सोयीची निवड. लायब्ररीच्या दारात उभं राहायचं आणि येईल त्याला विचारायचं. समजा, साठातले पंचेचाळीस जण ‘वाचतो’ म्हणाले. तीच प्रश्नावली बसस्टॉपवर नेली तर कदाचित वीसच निघतील. दोन्ही आकडे खरेच; पण पहिला लायब्ररीत येणाऱ्यांचा आणि दुसरा बसची वाट पाहणाऱ्यांचा. दारातच साठाऐवजी तीनशे जणांना विचारलं तरी हा दोष जात नाही, उलट चुकीच्या आकड्यावरचा आपला विश्वास तेवढा वाढतो. या पद्धतीचा चांगला उपयोग वेगळाच आहे. आधी दहा जणांकडून प्रश्नावली भरून घ्यायची आणि कुठला प्रश्न कळत नाही ते पाहायचं.

दुसरी कोटा पद्धत. समजा, कॉलेजात कला शाखेचे ६००, वाणिज्यचे ४०० आणि विज्ञानचे २०० विद्यार्थी आहेत. मग साठात त्याच प्रमाणात ३०, २० आणि १० जण घ्यायचे. आता एकाच शाखेची गर्दी होत नाही. पण वाणिज्यचे वीस ‘कोणते’ हे अजून आपणच ठरवतो, आणि हात आपसूक ओळखीच्यांकडे वळतो. १९४८च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत मोठमोठ्या सर्वेक्षणांनी कोटा पद्धत वापरून ड्युई जिंकणार असं सांगितलं आणि निवडून आले ट्रुमन. चुकीची कारणं अनेक होती. त्यांतलं एक म्हणजे कोट्याच्या आत माणूस निवडण्याची मुलाखतकारांना असलेली मोकळीक. ही मोकळीक कमी करता येते. जागा आणि वेळा आधीच ठरवून टाका: कँटीन, प्रॅक्टिकल सुटल्यावर, बसस्टॉप. तिथे दर पाचव्या विद्यार्थ्याला विचारा, आणि ‘नको’ म्हणणारे किती तेही लिहून ठेवा.

आता प्रश्नच बदलला तर? गोव्यातल्या अनेक सरकारी प्राथमिक शाळांत माध्यम मराठी असतं, आणि पुढे बहुतेक मुलं इंग्रजीत जातात. ‘चौथीपर्यंत मराठीत शिकलेल्यांचं वाचन पुढे का सुटलं?’ हे विचारायला साठ जण नकोत, आठ-दहा पुरे. पण ते निकष लावून निवडलेले हवेत. ही सहेतुक निवड. निकष आधी कागदावर लिहायचा आणि त्यात वाचन न सुटलेलेही दोन-तीन मुद्दाम घ्यायचे. नुसते सुटलेलेच घेतले, तर सांगितलेलं कारण खरंच कारण आहे का, हे कशाशी ताडून पाहणार?

काही माणसं कुठल्याच यादीत सापडत नाहीत. गावच्या जत्रेत, उत्सवात मराठी नाटक करणारी तरुण मंडळी घ्या. एक भेटला की तो दुसऱ्याचं नाव देतो, दुसरा तिसऱ्याचं. ही स्नोबॉल पद्धत. एकाच माणसापासून सुरुवात केली तर सगळे एकाच वाड्यावरचे, एकाच नाटक मंडळाचे निघतात. म्हणून पेडणे, डिचोली, फोंडा, काणकोण असे वेगवेगळ्या तालुक्यांतून सुरुवातीचे चार जण घ्यावेत, प्रत्येकाकडून दोनच नावं घ्यावीत आणि कोणी कोणाचं नाव दिलं याचा नकाशा काढावा. तीच तीच नावं यायला लागली की ‘सगळे सापडले’ असं वाटतं. कित्येकदा फक्त एक वर्तुळ पूर्ण झालेलं असतं, आणि नकाशात ते लगेच दिसतं.

या चारही पद्धतींत कोण निवडलं जाण्याची शक्यता किती, हे आपल्याला मोजता येत नाही. त्यामुळे ‘कमी-जास्त इतके टक्के’ अशी त्रुटीची मर्यादा यांना लावता येत नाही. कोटा पद्धतीने केलेल्या पाहणीत, समजा, अठ्ठावीस जण वाचणारे निघाले, तर ‘४७ टक्के विद्यार्थी मराठी वाचतात’ असं लिहू नये. असं लिहावं: ‘शाखानिहाय कोटा ठरवून तीन ठिकाणी विचारलेल्या ६० विद्यार्थ्यांपैकी २८ जणांनी अभ्यासाबाहेर मराठी वाचत असल्याचं सांगितलं, ११ जणांनी उत्तर द्यायला नकार दिला, त्यांच्या जागी पुढचे घेतले.’ वाक्य लांबतं, पण तोंडी परीक्षेत ‘हे साठ जण कुठून आणले?’ असं विचारलं, तर उत्तर त्यातच असतं.