रोजचे शंभर केस आणि टक्कल

केस गळतात म्हणून दवाखान्यात येणाऱ्या बायका बरेचदा गळलेले केस बरोबर घेऊनच येतात. जानेवारीत आलेल्या २९ वर्षांच्या एका शिक्षिकेनेही पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढून माझ्या टेबलावर ठेवली. "डॉक्टर, हे फक्त रविवारी न्हाताना गेलेले. रोज विंचरताना जातात ते वेगळेच. असंच चाललं तर उन्हाळ्यापर्यंत टक्कल पडेल मला." सोबत तिचा धाकटा भाऊ होता. त्याची स्वतःची काही तक्रार नव्हती.

पिशवीतला गुंता मी पांढऱ्या कागदावर सोडवला आणि त्यातले केस भिंगाखाली धरले. गळलेल्या केसाचं आधी बूड पाहायचं असतं. तिच्या केसांच्या बुडाशी टाचणीच्या टोकाहूनही बारीक, पांढुरकी गाठ होती. हीच गाठ दाखवून लोक घाबरून सांगतात, की केस मुळासकट आला. पण केस जिथे तयार होतो तो रोमकूप त्वचेच्या आतच राहतो, त्यातून पुन्हा केस येतो. ही गाठ म्हणजे वाढ संपलेल्या केसाचं घट्ट, वाळलेलं बूड. वाढता केस ओढून काढला तर चांगलाच दुखतो. त्याचं बूड काळसर, ओलसर आणि जरा वाकलेलं असतं, भोवती पारदर्शक चिकट आवरण असतं. पिशवीत तसा एकही केस सापडला नाही. म्हणजे गेलेले सगळे केस निवृत्त झालेले होते.

प्रत्येक केस तीन अवस्थांतून जातो. पहिली वाढीची, अ‍ॅनाजेन. ती दोन ते सात वर्षं चालते आणि या काळात केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो. कुणाचे केस कमरेपर्यंत पोचतात आणि कुणाचे खांद्याशीच थांबतात, ते मुख्यतः याच काळाच्या लांबीवर ठरतं. त्यात तेलाचा हात फारसा नसतो. मग दोन-तीन आठवड्यांची कॅटाजेन येते: रोमकूपाचा खालचा भाग आक्रसतो आणि केसाचा रक्तपुरवठ्याशी संबंध तुटतो. शेवटी टेलोजेन, म्हणजे विसाव्याचे सुमारे तीन महिने. केस जागेवरच असतो पण वाढत नाही. पुढे त्याच रोमकूपात नवा केस उगवू लागतो आणि जुना सैल होऊन कंगव्यात येतो.

पुष्कळ प्राण्यांची लव ऋतूप्रमाणे एकदम झडते. माणसाच्या डोक्यावर मात्र प्रत्येक रोमकूप आपापल्या वेळेने चालतो. शेजारशेजारच्या दोन केसांपैकी एक तीन वर्षांपासून वाढत असेल आणि दुसरा उद्या गळणार असेल. त्यामुळे केस रोज गळतात, पण डोकं एकदम उघडं पडत नाही.

शंभरचा आकडा याच हिशेबातून निघतो. डोक्यावर ढोबळमानाने एक लाख केस धरा. त्यातले दहा टक्के, म्हणजे दहा हजार, कोणत्याही दिवशी विसाव्यात असतात. हे दहा हजार साधारण शंभर दिवसांत गळून जाणार. दहा हजारांना शंभराने भागा, दिवसाला शंभर केस आले. ही काही कायद्याची रेषा नाही. कुणाचे रोज पन्नास जातात, कुणाचे सव्वाशे. आपलं रोजचं प्रमाण अचानक दुप्पट झालं तर त्याची दखल घ्यायची.

आता लांबी लक्षात घ्या. पाऊण मीटर लांबीचे शंभर केस म्हणजे पंचाहत्तर मीटर धागा. त्याचा मोठा गोळा होतो आणि मोरीची जाळी तुंबते. भावाचे केस चार सेंटीमीटरचे. त्याचे शंभर केस मिळून चारच मीटर, ते पाण्याबरोबर वाहून जातात आणि कुणाला दिसतही नाहीत. शिवाय वेणी घालणारीचे सुटलेले केस दोन-तीन दिवस वेणीतच अडकून राहतात आणि न्हाण्याच्या दिवशी सगळे एकदम हाती येतात.

एवढं सांगूनही या शिक्षिकेचा हिशेब जास्तच भरत होता. ती रविवारी आणि बुधवारी न्हाते. पिशवीत साडेचारशेच्या आसपास केस होते आणि ते चार दिवसांचे. त्यात रोज विंचरताना जाणारे शंभरेक मिळवले तर दिवसाला दोनशेच्या वर आकडा जात होता. मी चिमटीत पन्नास-साठ केस धरून डोक्यापासून टोकापर्यंत हलकेच ओढले, तेव्हा आठ हातात आले. एरवी एक-दोन येतात.

तिचा संशय नव्या शाम्पूवर आणि बोरच्या पाण्यावर होता. मी दोन-तीन महिने मागचं विचारलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला डेंग्यू, पाच दिवस ताप, सहा किलो वजन कमी. तिथे उत्तर मिळालं. मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, कडक उपास अशा धक्क्यानंतर पुष्कळ वाढते केस एकाच वेळी विसाव्यात जातात. दहा टक्क्यांऐवजी वीस टक्के विसाव्यात गेले की रोजचे शंभर दोनशे होतात. पण विसावा तीन महिन्यांचा, म्हणून गळती उशिरा सुरू होते. तोवर माणूस ताप विसरलेला असतो आणि दोष गेल्या आठवड्यातल्या शाम्पूवर येतो. १९६१ साली अल्बर्ट क्लिगमन यांनी या प्रकाराला टेलोजेन एफ्लुव्हियम हे नाव दिलं.

हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासून घेतलं, कारण लोहाची कमतरता किंवा थायरॉइडचा बिघाड असेल तर गळती लांबते. तिचं फेरिटिन कमी निघालं. लोहाच्या गोळ्या दिल्या, जेवणात डाळी आणि अंडी वाढवायला सांगितली. मग कपाळाच्या कडेला काळं कार्ड धरून पाहिलं, पण तिचे बारीक केस त्यावर दिसेनात. पांढरं धरल्यावर दिसले. एक-दीड सेंटीमीटरचे, टोकाला निमुळते केस. तुटलेल्या केसाचं टोक बोथट असतं, नव्याने उगवलेल्याचं निमुळतं. म्हणजे भरपाई आधीच सुरू झाली होती. गळती तीन ते सहा महिन्यांत थांबते, पण वेणीची जाडी परत यायला त्याहून बराच वेळ लागतो, कारण केस महिन्याला सेंटीमीटरभरच वाढतो. हे तिला मी स्पष्ट सांगितलं. नाहीतर मार्चमध्ये निराश होऊन महागड्या सीरमच्या मागे लागली असती.

जाता जाता मी भावाला विचारून त्याचं डोकं पाहिलं. वय २६. उशीवर केस नाहीत, कंगव्यातही फार नाहीत. पण कानशिलांवरची रेषा मागे सरकलेली आणि भिंगाखाली जाड केसाशेजारी निम्म्या जाडीचा केस, त्याशेजारी नुसती लव. आनुवंशिक टक्कल असं येतं. डीएचटी या संप्रेरकाला संवेदनशील असलेले रोमकूप दर फेरीला लहान होत जातात आणि वाढीचा काळ वर्षांवरून महिन्यांवर येतो. जुना केस गळतो, पण त्याच्या जागी येणारा पहिल्याहून बारीक आणि आखूड असतो. बायकांमध्ये हेच भांग रुंदावण्यातून दिसतं. गळालेले केस मोजून हे कळत नाही. दर सहा महिन्यांनी त्याच उजेडात, त्याच ठिकाणी भांग पाडून काढलेला फोटो जास्त उपयोगी पडतो. नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई, आणि चट्ट्याची त्वचा चकचकीत होऊन रोमकूपांची छिद्रंच दिसेनाशी झाली तर वाट पाहायची नाही, कारण तिथले रोमकूप कायमचे जातात.

भावाला मिनॉक्सिडिल सुरू करून दिलं. पहिले काही आठवडे गळती वाढलेली दिसेल, तेव्हा औषध बंद करू नकोस, असं बजावलं: विसाव्यातले केस औषधाने लवकर सुटतात, कारण त्यांच्या जागी नवी वाढ सुरू होत असते.