कोलाडच्या अंधारात डोळ्यांना अर्धा तास का लागतो?

अमावास्येच्या आसपास कोलाडला कुंडलिकेच्या काठी कॅम्पवर राहिला असाल, तर हे आठवेल. जेवणाच्या मंडपातल्या ट्यूबलाइटमधून बाहेर आलात की आधी काहीच दिसत नाही. दहा मिनिटांत थोडं दिसू लागतं, आणि अर्ध्या तासाने पायाखालचे दगडसुद्धा कळतात. बाहुली तर काही सेकंदांतच मोठी होते. मग बाकीचा वेळ कशात जातो?

दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी उजेडात रंग दाखवतात, दंडपेशी मंद उजेड टिपतात. दंडपेशीचं काम आपल्या अपेक्षेच्या उलटं चालतं. अंधारात ती सतत चालू असते: तिच्या पडद्यातली दारं उघडी असतात, सोडियम आत येत राहतो आणि ती पुढच्या पेशीकडे ग्लुटामेट सोडत राहते. उजेड पडला की ती गप्प होते. आम्हा इंजिनिअर लोकांच्या भाषेत, अ‍ॅक्टिव्ह-लो सिग्नल!

हे घडवतं ऱ्होडॉप्सिन. त्याच्या पोटात रेटिनल नावाचा, अ जीवनसत्त्वापासून बनलेला वाकडा रेणू बसलेला असतो. प्रकाशाचा एक कण आदळला की तो सरळ होतो. त्यामुळे ऱ्होडॉप्सिन जागं होऊन ट्रान्सड्युसिनच्या अनेक रेणूंना कामाला लावतं, ते पुढचं एन्झाइम चालू करतात, आणि दारं उघडी धरणारा सीजीएमपी झपाट्याने कमी होतो. दारं मिटतात.

पण सरळ झालेला रेणू जागेवर पुन्हा वाकत नाही. तो दंडपेशीतून बाहेर पडून मागच्या रंगद्रव्याच्या थरात जातो, तिथे वाकडा होऊन परत येतो. तुमचा अर्धा तास या फेरीत जातो. शंकूपेशींची भरपाई लवकर होते, म्हणून पहिल्या दहा मिनिटांतली सुधारणा त्यांची. मध्येच मोबाइल पूर्ण ब्राइटनेसवर पाहिलात, तर कमावलेलं बरंच जातं. गडद लाल टॉर्च चालतो, कारण तो रंग दंडपेशींना जवळपास जाणवतच नाही.

आता एखादा अंधुक तारा पाहा. थेट पाहिलं तर नाहीसा होतो, किंचित बाजूला पाहिलं तर दिसतो. नजरेच्या अगदी मध्यबिंदूवर दंडपेशी नसतातच. बाजूला मात्र पुष्कळ दंडपेशींचा संदेश एकाच गँग्लिऑन पेशीत जमा होतो, म्हणून दिसतं खरं, पण भुरकट. तिथून संदेश दृष्टिचेतेने निघतो. वाटेत निम्मे तंतू बाजू बदलतात, त्यामुळे दोन्ही डोळ्यांनी पाहिलेला डावा भाग उजव्या मेंदूत जातो. मग थॅलॅमसमधलं एक ठाणं, आणि शेवटी डोक्याच्या मागचा कॉर्टेक्स.

सगळ्यांना दिसू लागलं आणि एकजण अर्ध्या तासानंतरही ठेचकाळतोय, असं असेल तर 'सवय नाही त्याला' म्हणून सोडू नका. हा रातांधळेपणा असू शकतो. कारण अ जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर ते भरून निघाल्यावर दंडपेशी सहसा सुधारतात. रेटिनायटिस पिग्मेंटोझा या आनुवंशिक आजारात मात्र दंडपेशीच हळूहळू मरतात, तिथे नुसतं गाजर खाऊन भागत नाही. यातलं नेमकं काय आहे, ते डोळ्यांचे डॉक्टर दृष्टिपटल तपासूनच सांगतील.