खालून खडखड, पण कशाची?

गाडी खड्ड्यातून गेली आणि खालून खडखड आली, की गॅरेजवाले आधी शॉकअपवर बोट ठेवतात. आमच्या जुन्या गाडीचंही तेच झालं. मी म्हटलं, थांबा, आधी आवाज तर नीट ऐकू या!

हँडब्रेक ओढून, न्यूट्रलला उभ्या गाडीचं इंजिन सुरू ठेवायचं आणि हलकासा अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा. तेव्हाही डब्याच्या सैल झाकणासारखा आवाज आला, तर तो बहुधा सायलेन्सरच्या पाइपवरचा हीट शील्ड, म्हणजे धग अडवणारा पत्रा. बोल्टापाशी गंजून तो सुटतो. स्टीलची क्लिप किंवा मोठा वॉशर लावला की भागतं. पत्रा कायमचा काढून मात्र टाकू देऊ नका, वरच्या भागांना धग लागते.

आमची गाडी उभी असताना गप्प होती. मग सावकाश चालवून पाहिली. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढली तेव्हा आवाज जवळजवळ नाहीच, एकच चाक खड्ड्यात गेलं की खटखट. ही खूण स्टॅबिलायझरची. दोन चाकं वेगवेगळी वरखाली झाली की हा दांडा पिळतो, आणि तेव्हाच त्याची झिजलेली लिंक वाजते.

मिस्त्रींनी गाडी खड्ड्यावर घेतली, चाकांवरच उभी ठेवून लिंक हाताने हलवली. डावीचा सांधा खुळखुळला. दांड्याचे रबरी बुश पाहिले. त्यांना ना चीर, ना फट. दोन्ही बाजूंच्या लिंक बदलल्या. शॉकअपचा खर्च वाचला.