न जेवलेल्या ताटांचा हिशेब

पुण्यात शिकायला किंवा नोकरीला आलेल्या माणसाला खानावळीचं कुपनबुक नवं नसतं. पिवळ्या नाहीतर गुलाबी कागदाची तीस कुपनं, कोपऱ्यात रबरी शिक्का, मागे बारीक अक्षरांत नियम. महिन्याच्या एक तारखेला गल्ल्यावर पैसे मोजून द्यायचे आणि मग रोज एक कुपन फाडत जेवायचं. या साध्या कागदात एक गंमत दडलेली आहे. ज्या दिवशी मालकाच्या हातात सगळ्यात जास्त पैसे येतात, त्या दिवशी त्याची कमाई शून्य असते.

समजा, एका खानावळीत थाळी १०० रुपयांना मिळते. तीस कुपनांचं बुक २,७०० रुपयांना, म्हणजे कुपनामागे दहा रुपयांची सूट. मुदत पंचेचाळीस दिवस. एक जूनला शंभर बुकं खपली. कराची भानगड क्षणभर बाजूला ठेवू. गल्ल्यात २,७०,००० रुपये आले. पण अजून कुकरची शिट्टीही झालेली नाही, मग विक्री कशाची लिहायची? हिशेबनीस ही सगळी रक्कम ‘देणं’ म्हणून टाकतो, किराणावाल्याची बाकी जिथे लिहितात त्याच बाजूला. दुकानांत ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी असते. इथे उधारी उलटी फिरते: गिऱ्हाईक आज रोख देतं आणि मालक दीड महिना त्याच्या उधारीत राहतो. एकेक कुपन फाटत जातं तसं ते देणं थोडं फिटतं आणि तेवढीच रक्कम उत्पन्नाच्या बाजूला सरकते.

इथपर्यंत सरळ आहे. पण तीस कुपनं घेणारा तीसच्या तीस वापरतो का? कुणी मधेच गावी जातो, कुणाला ऑफिसात पार्टी असते, कुणाच्या जीन्सच्या खिशात तीन कुपनं धुऊन निघतात. अशी कधीच न फाटलेली कुपनं हिशेबात कुठे जातात?

लहान खानावळ मुदत संपेपर्यंत थांबते आणि उरलेलं देणं त्या दिवशी उत्पन्नात घेते. मोठ्या कंपन्यांना मात्र भारतात १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेलं ‘इंड एएस ११५’ हे हिशेबाचं मानक पाळावं लागतं आणि त्यातला नियम चकित करणारा आहे. किती गिऱ्हाइकं विसरतील याचा भरवशाचा अंदाज मागच्या अनुभवावरून बांधता येत असेल, आणि ती रक्कम आपल्याकडेच राहणार याची खात्री असेल, तर मुदत संपायची वाट पाहायची नाही. लोक जेवत जातील त्या प्रमाणात विसरभोळेपणाचं उत्पन्नही थोडं थोडं धरत जायचं. या रकमेला हिशेबनीस ‘ब्रेकेज’ म्हणतात.

आपल्या खानावळीला हा नियम लावून पाहू. मागच्या काही वर्षांचा अनुभव सांगतो की शंभरातली दहा कुपनं परत येत नाहीत. म्हणजे तीन हजार कुपनांपैकी २,७०० ताटंच वाढली जातील. आता २,७०,००० रुपये २,७०० ताटांवर वाटा. कुपनामागे किती आले? बरोबर १०० रुपये! गिऱ्हाइकाने ९० रुपयांना घेतलेलं कुपन वहीत १०० रुपयांची थाळी म्हणून उमटतं. मालकाने दिलेली सूट त्याच्या खिशातून गेलीच नाही. रोज नेमाने जेवणाऱ्यांची सूट विसरणाऱ्यांनी भरली.

जूनअखेर १,८०० कुपनं फाटली असतील, तर या पद्धतीने उत्पन्न १,८०,००० रुपये आणि उरलेलं देणं ९०,००० रुपये. पंधरा जुलैपर्यंत आणखी ९०० कुपनं फाटली की देणं शून्य. अंदाज चुकून जास्त लोक जेवायला आले, तर हिशेब तिथल्या तिथे दुरुस्त करायचा. नव्याने उघडलेल्या खानावळीला ही चैन परवडत नाही. तिच्याकडे विसरण्याचा इतिहासच नसतो, त्यामुळे कुपनं परत यायची शक्यता जवळजवळ संपेपर्यंत तिने देणं देणंच ठेवायचं.

विसरण्यासाठी मुदत संपावी लागते असंही नाही. स्टारबक्सच्या अमेरिकेतल्या कार्डांना मुदत नसते. तरीही लोकांनी आगाऊ भरलेले आणि कधीच वापरले जाणार नाहीत असे पैसे ती कंपनी दरवर्षी उत्पन्नात घेते. अलीकडच्या वर्षांत हा आकडा वीस कोटी डॉलरच्या आसपास आहे, आणि वापरायचे राहिलेले पैसे, म्हणजे कंपनीचं देणं, दीड अब्ज डॉलरहून जास्त. एवढी मोठी उधारी, आणि तिच्यावर व्याज शून्य!

मग मुदत हवी कशाला? याचं उत्तर कुपनावर काय छापलंय यात आहे. भेट म्हणून दिल्या जाणाऱ्या व्हाउचरवर ‘५०० रुपये’ लिहिलेलं असतं, खानावळीच्या कुपनावर ‘एक थाळी’. दोन्ही कागद सारखेच दिसतात, पण महागाई वाढली की ते विरुद्ध दिशांना पळतात. कांदा-टोमॅटो कडाडले, थाळी १२० रुपयांची झाली, तर ५०० रुपयांच्या व्हाउचरवर पूर्वी पाच थाळ्या यायच्या, आता चारच येतात. तोटा व्हाउचर बाळगणाऱ्याचा. ‘एक थाळी’वाल्या कुपनावर मात्र कांदा कितीही महागला तरी पूर्ण ताटच वाढावं लागतं, इथे तोटा मालकाचा. म्हणून रुपयांच्या व्हाउचरला लांब मुदत देणं मालकाला जड जात नाही आणि ताटाच्या कुपनाला तो दीड महिन्यापलीकडे जाऊ देत नाही. अमेरिकेत भेटकार्डाची रक्कम पाच वर्षांच्या आत बाद करता येत नाही असा कायदा २०१० पासून लागू आहे. तो रुपया-डॉलरात छापलेल्या कार्डांना पेलवतो. तीच मुदत ताटांच्या कुपनांना लावली तर खानावळीचं दिवाळं वाजेल.

आपल्या खानावळींनी मुदतीवर स्वतःची एक तोड केव्हाच काढलेली आहे: खाडा. मासिक मेंबरने आदल्या दिवशी सांगितलं आणि तो सलग ठरावीक दिवस आला नाही, तर तेवढे दिवस पुढे सरकतात. न सांगता गैरहजर राहिला तर जेवण बुडालं. हा नियम वरवर शिस्तीचा वाटतो, पण तो स्वयंपाकघराचं गणित सांभाळतो. आधी कळलं तर भात कमी टाकता येतो, मग दिवस पुढे सरकवायला काही वाटत नाही. भात शिजल्यावर न आलेल्या माणसाचा खर्च होऊन गेलेला असतो.

कुपनाचा कागद दिला की नाही, यावरून करातही फरक पडतो. व्हाउचरवर जीएसटी विकताना लागायचा की वापरताना, यावर बरीच वर्षं वाद चालला. ३१ डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकाने तो मिटवला: व्हाउचरची देवघेव ही स्वतः मालाची किंवा सेवेची विक्री नव्हे, कर लागतो तो त्या बदल्यात मिळणाऱ्या जेवणावर, आणि न वापरलेल्या व्हाउचरच्या रकमेवर जीएसटी नाही. कुपन न देता महिन्याचे पैसे नुसतेच आगाऊ घेतले, तर मात्र ते सेवेपोटीचं आगाऊ ठरू शकतं, आणि अशा रकमेवर कर ती हातात येते तेव्हाच देय होतो. एकाच जेवणाचे पैसे, पण मधे कागद आला की कराची तारीख बदलू शकते.

आता गैरवापराकडे येऊ. झेरॉक्स काढलेलं कुपन किंवा व्हॉट्सॲपवर दोघांना पाठवलेला एकच क्यूआर कोड, या चोऱ्या पकडायला सोप्या आहेत. प्रत्येक कुपनाला क्रमांक द्यायचा आणि वापरलेला क्रमांक त्याच क्षणी बाद करायचा, की दुसरा येणारा अडकतो. खरी चलाख चोरी गल्ल्याच्या आतल्या बाजूला होते. अचानक आलेलं गिऱ्हाईक १०० रुपये रोख देऊन जेवून जातं. गल्ल्यावरचा माणूस ती नोट खिशात टाकतो आणि त्या ताटापोटी आदल्या दिवशीच्या डब्यातलं, न फाडलेलं एक जुनं कुपन पुन्हा आत टाकतो. रात्री मालक मोजतो: दोनशे ताटं वाढली, रोख अधिक कुपनं मिळून दोनशेच. हिशेब पैशा-पैशाला जुळतो, आणि पैसे गेलेले असतात.

ही चोरी पकडून देतं ते विसरण्याचं प्रमाण. शेकडो माणसं मिळून किती विसरतात हे महिन्यामागून महिने फारसं बदलत नाही. दहा टक्क्यांच्या आसपास रेंगाळणारा आकडा एखाद्या महिन्यात तीनवर आला, तर सगळ्या मेंबरांची स्मरणशक्ती एकदम सुधारलेली नसते. त्यांनी एकदा वापरलेली कुपनं दुसरंच कुणीतरी आठवणीने पुन्हा वापरतंय. विकलेल्यापेक्षा जास्त कुपनं परत आली, तर संशयाला जागाच राहत नाही. मग पाळीनुसार पाहायचं: दुपारी दर शंभर ताटांमागे रोखीची किती, रात्री किती. एकाच माणसाच्या पाळीत रोख घटते आणि कुपनं वाढतात का? उपायही स्वस्त आहे. बुकांच्या क्रमांकांची चौकटीची वही ठेवायची, कुपन गिऱ्हाइकासमोरच दोन तुकडे करून डब्यात टाकायचं, आणि कुपनं विकणारा व मोजणारा माणूस वेगळा ठेवायचा.

एक गैरवापर मात्र कुठल्याच क्रमांकाने सापडत नाही, कारण तो मालक स्वतःच करतो. एक तारखेच्या गल्ल्यातून जागेचं थकलेलं भाडं भरलं, मग जुलैची ताटं वाढायला ऑगस्टची बुकं आधीच विकावी लागतात, आणि ती खपावीत म्हणून सूट वाढवावी लागते. याची परीक्षा एका ओळीची आहे. जूनअखेर १,२०० कुपनं बाहेर आहेत, त्यांतली ९०० परत येतील, एका ताटाचा खर्च ६० रुपये. म्हणजे त्या रात्री बँकेत किमान ५४,००० रुपये हवेत. नसतील, तर खानावळ मेंबरांचं पुढचं जेवण आजच खाऊन बसली आहे.

गिऱ्हाइकाला बँकेचं पुस्तक दिसत नाही, पण सूट दिसते. बुकावर दहा टक्के सूट विसरणाऱ्यांच्या पैशांतून निघू शकते, हे आपण पाहिलं. सहा महिन्यांच्या पॅकेजवर कुणी चाळीस टक्के सूट देऊ लागला, तर तेवढं विसरणारी माणसं कुठल्याच गावात सापडत नाहीत. ती सूट कुठून येणार हे मालकाला विचारावं, आणि पटण्यासारखं उत्तर मिळेपर्यंत एकेका महिन्याचंच बुक घ्यावं.