पश्चिमेची खिडकी आणि एसीचा टन

एसी घ्यायला गेलं की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "खोली किती बाय किती?" दहा बाय बारा म्हटलं की उत्तर तयार असतं, "एक टन पुरे." खोलीवर ऊन कुठून येतं, डोक्यावर गच्ची आहे का, हे सहसा कुणी विचारत नाही. खरी गोम मात्र तिथेच असते.

टन हे एसीचं वजन नव्हे. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो, तितकी उष्णता खोलीतून बाहेर काढण्याची ताकद म्हणजे एक टन. वॅटमध्ये सांगायचं तर साधारण ३५००. म्हणून प्रश्न खोलीच्या मापाचा नसून खोलीत किती उष्णता शिरते याचा आहे.

पुण्यातल्या माझ्या ताईचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, वर थेट गच्ची. झोपायची खोली १२० चौरस फूट, खिडकी चार बाय पाच फुटांची आणि नेमकी पश्चिमेला. मे महिन्यातल्या एका दुपारी, बाहेर ३८ अंश असताना, मी तिच्याकडे कागद घेऊन बसलो. खोली २५ अंशांवर ठेवायची असं धरलं.

आधी खिडकी. चार-साडेचारला ऊन तिरपं होऊन सरळ काचेवर येतं, तेव्हा त्या वीस चौरस फुटांतून ९०० वॅटच्या आसपास उष्णता आत येते. स्वस्थ बसलेला माणूस जेमतेम १०० वॅट उष्णता सोडतो. म्हणजे ती एक खिडकी म्हणजे खोलीत नऊ पाहुणे येऊन बसल्यासारखंच. मग स्लॅब. तापलेल्या उघड्या गच्चीखालून सुमारे ७०० वॅट उतरतात, पण लगेच नाही. काँक्रीट दुपारचं ऊन साठवून ठेवतं आणि काही तासांनी खाली सोडतं, म्हणून रात्री नऊला छताला हात लावला तरी ते कोमट लागतं. भिंतींचे ७५० वॅट. ताई आणि भाऊजींचे २००. फटींतून येणारी हवा, काचेतून बाहेरच्या गरम हवेमुळे झिरपणारी उष्णता, टीव्ही, पंखा, दिवे मिळून ४५०. बेरीज ३०००. सगळ्या गोष्टी एकाच वेळी टोकाला जात नाहीत हे खरं, पण दिवसभर तापलेल्या भिंती आधी थंड करायलाही ताकद लागते. एक टनाचा एसी इथे पुरेल, पण काठावर.

त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर उत्तरेकडे खिडकी असलेली तेवढीच खोली घ्या. खिडकीचे २०० वॅट, वरच्या घरातून येणारे २००, भिंतींचे साडेपाचशे, बाकी तेच. बेरीज १६०० भरते. माप एकच, गरज जवळपास निम्मी.

माणसांचा हिशेब झोपायच्या खोलीत फारसा जड नसतो. दोघांची चौघं झाली तर २०० वॅट वाढतात. बैठकीच्या खोलीत मात्र सणाला दहा-बारा जण जमले, तर बाराशे वॅट वाढतात, म्हणजे एक तृतीयांश टन. पण वर्षातल्या दोन-चार दिवसांसाठी मोठा एसी घेऊ नये. त्या दिवशी पाहुणे यायच्या तासभर आधी सुरू करून ठेवावा.

"मग सरळ दीड टन घेऊ, कमी पडायला नको," असं ताई म्हणाली. तिच्या खोलीत ते चाललंही असतं. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, त्यातही मुंबई किंवा गोव्याच्या दमट हवेत, ते नडतं. मोठा एसी हवा झटकन थंड करतो आणि थांबतो, पण हवेतली ओल थंड जाळीवर जमून बाहेर जायला त्याला वेळच मिळत नाही. खोली गार, तरीही अंग चिकट आणि चादर ओलसर. कॉम्प्रेसर दर तीन-चार मिनिटांनी बंद-चालू होत असेल तर समजावं, एसी खोलीपेक्षा मोठा आहे. इन्व्हर्टर एसी वेग कमी करून हे बरंच सांभाळतो, पण त्यालाही खालची मर्यादा असते. उलट, २४ वर लावूनही दुपारभर खोली २८ च्या खाली येत नसेल, तर आधी जाळी साफ करून गॅस तपासून घ्यावा. ते ठीक असेल तर एसी लहान पडतोय.

दुकानात एक गोष्ट जरूर बघा. स्टारच्या लेबलवर थंड करण्याची क्षमता वॅटमध्ये छापलेली असते. "एक टन" म्हणून विकल्या जाणाऱ्या दोन एसींत तो आकडा वेगळा असू शकतो, आणि ताईसारख्या काठावरच्या खोलीत तो फरक जाणवतो.

ताईने शेवटी एक टनाचाच घेतला, पण त्याआधी खिडकीबाहेर बांबूची चिक लावली आणि सोसायटीची परवानगी काढून गच्चीला पांढरा रंग दिला. पडदा आतून लावला तर ऊन काच ओलांडून घरात आलेलंच असतं. चिक त्याला बाहेरच अडवते. संध्याकाळी ती आता एसी २६ वर ठेवते, आणि नऊ वाजता छताला हात लावून बघते.