गुणाकार कायम की भागाकार?

आठवीच्या गणितात ‘चलन’ नावाचं छोटं प्रकरण आहे. समचलन आणि व्यस्त चलन असे त्याचे दोन प्रकार. सूत्रंही दोनच, आणि ती मुलांना पाठ असतात. तरी शाब्दिक उदाहरण समोर आलं की निम्मा वर्ग अडतो, कारण हे उदाहरण नेमकं कोणत्या सूत्रात बसवायचं तेच ठरत नाही. हा निर्णय कसा घ्यायचा हे दाखवणारी पाच उदाहरणांची सरावपत्रिका इथे पायऱ्यांसह देत आहे. मुलाला वही-पेन्सिल घेऊन शेजारी बसवा आणि प्रत्येक उदाहरण आधी त्याला सोडवू द्या.

उदाहरण १. ६ वह्यांची किंमत २१० रुपये आहे. तशाच १० वह्यांना किती रुपये लागतील?

वह्या दुप्पट घेतल्या तर पैसेही दुप्पट लागतात, तिप्पट घेतल्या तर तिप्पट. म्हणजे हे समचलन. किंमत y आणि वह्यांची संख्या x मानली, तर y ∝ x असं लिहितात. त्याचा अर्थ असा, की y ला x ने भागल्यावर दर वेळी तीच संख्या येते. या संख्येला चलनाचा स्थिरांक म्हणतात आणि ती k ने दाखवतात.

पायरी १: y = kx
पायरी २: २१० = k × ६, म्हणून k = ३५
पायरी ३: x = १० असताना y = ३५ × १० = ३५०

उत्तर ३५० रुपये. पण पुढे जाण्याआधी मुलाला विचारा, की ३५ म्हणजे काय? ती एका वहीची किंमत आहे. स्थिरांक हा सूत्रातून निघालेला निव्वळ आकडा नसतो, उदाहरणातल्या एखाद्या खऱ्या गोष्टीचं ते माप असतं. ती गोष्ट ओळखता आली तर पुढची उदाहरणं निम्मी सोपी होतात.

उदाहरण २. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला एका गावाहून दुसऱ्या गावी पोहोचायला ४ तास लागतात. पावसामुळे वेग ताशी ४८ किलोमीटरच ठेवावा लागला, तर किती वेळ लागेल?

वेग दुप्पट केला तर वेळ निम्मा होतो, वेग एक तृतीयांश झाला तर वेळ तिप्पट. इथे भागाकार नाही, गुणाकार कायम राहतो. वेग v आणि वेळ t मानू.

पायरी १: v × t = k
पायरी २: k = ६० × ४ = २४०
पायरी ३: ४८ × t = २४०, म्हणून t = ५

उत्तर ५ तास. इथे २४० म्हणजे दोन गावांमधलं अंतर, किलोमीटरमध्ये. पाऊस पडला म्हणून गावं लांब जात नाहीत, म्हणूनच हा गुणाकार बदलत नाही. व्यस्त चलनाच्या प्रत्येक उदाहरणात अशी न बदलणारी एक गोष्ट दडलेली असते: ठरलेलं अंतर, ठरलेलं काम, कोठीतलं ठरलेलं धान्य. ती आधी शोधावी.

वर्गात साधारणपणे शिकवलं जातं ते असं: एक वाढलं की दुसरंही वाढत असेल तर समचलन, एक वाढलं की दुसरं घटत असेल तर व्यस्त. ही खूण अपुरी आहे, आणि बहुतेक चुकांचं मूळ तिच्यातच आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पुढचं उदाहरण त्यासाठीच घेतलं आहे.

उदाहरण ३. २० सेंटिमीटर लांबीची मेणबत्ती दर तासाला २ सेंटिमीटर जळते. जळण्याचा वेळ आणि उरलेली लांबी यांत कोणतं चलन आहे?

वेळ वाढतो, लांबी घटते. म्हणून मुलं बेधडक ‘व्यस्त’ लिहितात. पडताळून पाहू. १ तासानंतर लांबी १८ उरते, गुणाकार १ × १८ = १८. २ तासांनंतर लांबी १६, गुणाकार ३२. ३ तासांनंतर लांबी १४, गुणाकार ४२. गुणाकार कायम राहत नाही, म्हणजे हे व्यस्त चलन नव्हे. भागाकारही कायम नाही, त्यामुळे समचलनही नव्हे. दर तासाला सारखीच वजाबाकी होते आहे, इतकंच.

दुसऱ्या बाजूलाही हाच धोका आहे. समजा, एखाद्या रिक्षाचं भाडं पहिल्या २ किलोमीटरला ३० रुपये आणि पुढे दर किलोमीटरला २० रुपये आहे. ४ किलोमीटरला ७० रुपये होतात, ८ किलोमीटरला १५०. अंतर वाढलं तसं भाडंही वाढलं खरं, पण अंतर दुप्पट झाल्यावर भाडं दुपटीहून जास्त झालं. ७० ला ४ ने भागलं तर १७.५ येतात, १५० ला ८ ने भागलं तर १८.७५. भागाकार बदलला, म्हणजे समचलन नाही. म्हणून फक्त ‘वाढतं की घटतं?’ एवढंच विचारू नये. ‘दुप्पट केलं तर दुसऱ्याचं नेमकं काय होतं?’ असं विचारावं. तेही बरोबर दुप्पट झालं तर समचलन, बरोबर निम्मं झालं तर व्यस्त. दोन्हींपैकी काहीच झालं नाही तर या प्रकरणातली सूत्रं तिथे लावायचीच नाहीत.

हा हिशोब आपल्याकडे फार जुना आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये लिहिलेल्या ग्रंथात त्रैराशिकाची रीत आहे. तीन संख्या ठाऊक असताना चौथी काढायची, म्हणून त्रैराशिक. वह्यांच्या उदाहरणात ६ हे प्रमाण, २१० हे फल आणि १० ही इच्छा. फलाला इच्छेने गुणायचं आणि प्रमाणाने भागायचं. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास, व्यस्त त्रैराशिकही येतं. ते कुठे लावावं हे सांगताना भास्कराचार्य सोन्याचा कस आणि वजन यांचा दाखला देतात, आणि धान्याची रास वेगवेगळ्या मापांनी मोजण्याचाही. रास तीच असते. माप दुप्पट मोठं घेतलं की मापांची संख्या निम्मी भरते. इथे न बदलणारी गोष्ट डोळ्यांसमोरच पडलेली असते, म्हणून शिकवायला हा दाखला आजही मला फार आवडतो. घरात डाळ आणि दोन वाट्या असल्या की तो करून दाखवता येतो.

उदाहरण ४. ८ मजूर एका शेतातली कांद्याची लागण ६ दिवसांत उरकतात. हेच काम ४ दिवसांत संपवायचं असेल तर किती मजूर लागतील?

न बदलणारी गोष्ट आहे ती लागणीचं एकूण काम. ८ मजुरांचे ६ दिवस म्हणजे ४८ मजूर-दिवस. एका मजुराने एका दिवसात केलेलं काम हे आपलं माप.

पायरी १: मजूर × दिवस = k
पायरी २: k = ८ × ६ = ४८
पायरी ३: मजूर × ४ = ४८, म्हणून मजूर = १२

उत्तर १२ मजूर. इथे एक गोष्ट मान्य करूनच आपण पुढे गेलो आहोत: सगळे मजूर सारख्याच गतीने काम करतात आणि कोणी कोणाच्या आड येत नाही. सूत्रानुसार ४८ मजूर एका दिवसात लागण करतील, तेही कदाचित जमेल. पण ४८० मजूर ती दिवसाच्या दहाव्या भागात करतील असं उत्तर वहीत कितीही बरोबर आलं, तरी वावरात उभं राहायलाच जागा उरणार नाही. मुलाने अशी शंका काढली तर त्याला गप्प करू नका. त्याची शंका योग्य आहे.

उदाहरण ५. एका वसतिगृहात ६० विद्यार्थ्यांना ४० दिवस पुरेल इतकं धान्य आहे. १० दिवसांनी आणखी १५ विद्यार्थी राहायला आले. उरलेलं धान्य आणखी किती दिवस पुरेल?

सर्वांत जास्त चुका या उदाहरणात होतात. चुकीची रीत अशी असते: ६० × ४० = २४००, त्याला ७५ ने भागून ३२ दिवस, त्यातून झालेले १० दिवस वजा करून २२. आकडेमोड बिनचूक, उत्तर चूक. ७५ ने भागताना आपण धरून चालतो की पहिल्या दिवसापासून ७५ जण जेवत होते. प्रत्यक्षात पहिले १० दिवस ६०च जण होते. नवे विद्यार्थी आले त्या दिवशी कोठीत काय शिल्लक होतं, तिथून हिशोब सुरू करायला हवा.

पायरी १: १० दिवसांनी उरलेलं धान्य ६० जणांना आणखी ४० − १० = ३० दिवस पुरलं असतं.
पायरी २: उरलेलं धान्य, k = ६० × ३० = १८०० विद्यार्थी-दिवस
पायरी ३: आता विद्यार्थी ६० + १५ = ७५
पायरी ४: ७५ × दिवस = १८००, म्हणून दिवस = २४

उत्तर २४ दिवस. आता पडताळा घेऊ, आणि ही पायरी मुलांना गाळू देऊ नये. पहिल्या १० दिवसांत ६० जणांनी ६०० विद्यार्थी-दिवसांचं धान्य खाल्लं. पुढच्या २४ दिवसांत ७५ जणांनी १८०० चं. बेरीज २४००, म्हणजे सुरुवातीला होतं तेवढंच. २२ दिवसांच्या उत्तराला हाच पडताळा लावला तर ६०० अधिक १६५०, बेरीज २२५० येते. १५० विद्यार्थी-दिवसांचं धान्य हिशोबातून गायब झालं. अर्थातच ते उत्तर टिकत नाही.

उत्तर बरोबर आहे का, हे पाहायला पुस्तकाची शेवटची पानं उलटण्याची गरज नाही. आलेली संख्या पुन्हा मूळ गोष्टीत घालून बघायची. पैसे, अंतर, काम, धान्य, जे कायम राहायला हवं ते राहिलं का? आणि त्याही आधी अंदाज घ्यायचा. खाणारी तोंडं वाढली आहेत, तेव्हा उत्तर ३० पेक्षा कमीच यायला हवं. ते जास्त आलं तर सम आणि व्यस्त यांची अदलाबदल झाली, हे तिथल्या तिथे कळतं.

आता दोन उदाहरणं मुलाला एकट्याने सोडवू द्या. पहिलं: ३ मीटर उंच खांबाची सावली २ मीटर पडते, त्याच वेळी शेजारच्या झाडाची सावली ७ मीटर आहे, तर झाडाची उंची किती? दुसरं: २० मजूर एक रस्ता १५ दिवसांत पूर्ण करणार होते, पण ६ दिवसांनी ८ जण काम सोडून गेले, तर रस्ता एकूण किती दिवसांत पूर्ण होईल? प्रत्येक उत्तरासोबत स्थिरांक किती आणि तो कशाचं माप आहे, हे एका ओळीत लिहायला सांगा. झाड साडेदहा मीटर उंच आहे आणि रस्त्याला एकूण २१ दिवस लागतात.