रागाच्या आधी काय होतं?

रात्रीचे साडेनऊ वाजलेत. सतरा वर्षांची मुलगी रोज आठला क्लासहून घरी येते, आज अजून पत्ता नाही. फोन बंद. बाप दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आला. शेवटी मुलगी दारात दिसते आणि तो ओरडतो, “ही यायची वेळ आहे का? उद्यापासून क्लास बंद!” मुलगी न जेवता भिंतीकडे तोंड करून झोपते.

वस्तीत आरोग्याचं काम करताना असे प्रसंग आम्हाला वरचेवर ऐकायला मिळतात. मुलीला वाटतं, बाबांना माझं शिक्षण नको आहे. बापाचं मन मात्र वेगळंच सांगत असतं. दीड तास त्याच्या पोटात भीतीचा गोळा होता. मुलगी सुखरूप दिसली आणि तीच भीती राग बनून बाहेर पडली.

असं होतं याला शरीरही कारण आहे. भीती वाटली की रक्तात ॲड्रेनलिन नावाचं द्रव्य वाढतं. छाती धडधडते, श्वास जोरात चालतो, हातपाय ताठतात. राग आला तरी जवळपास हेच होतं. त्यामुळे भीतीचा राग व्हायला क्षणही पुरतो. त्यात ‘बाप्यामाणसाने घाबरायचं नसतं, रडायचं नसतं’ हे लहानपणापासून ऐकलेलं. मग घरात दाखवायला एकच भावना उरते, ती म्हणजे राग. बायकांचंही होतं. रस्त्यावर धावलेल्या पोराला आई आधी धपाटा घालते आणि मग छातीशी धरते.

खालची भावना ओळखायची तर एक क्षण मागे जायचं. ओरडण्याच्या आधी शरीरात काय झालं होतं, ते आठवायचं. पोटात गोळा, कोरडं तोंड, तळहाताला घाम आणि मनात ‘काही झालं तर?’ असेल, तर ती बहुधा भीती. घसा दाटलेला, छातीवर ओझं आणि मनात ‘माझं कुणीच नाही’ किंवा ‘ते आता परत येणार नाही’ असेल, तर बहुधा दुःख. घरात कुणी गेल्यावर काही महिने भाजीत मीठ कमी पडलं म्हणूनही भांडण होतं, ते अनेकदा या दुःखातूनच.

आता तेच वाक्य उलट क्रमाने बोलून बघू. “बाळा, फोन लागेना, मी फार घाबरलो होतो. उशीर का झाला?” भीती आधी, प्रश्न नंतर. मग मुलगी सांगते की जादा तास होता, फोनची बॅटरी संपली आणि गल्लीतला दिवा बंद असल्याने ती लांबच्या रस्त्याने आली. आता मार्ग निघतो. उशीर होणार असेल तर मैत्रिणीच्या फोनवरून कळवायचं, बापाने नाक्यावर घ्यायला जायचं आणि दिव्यासाठी वॉर्ड ऑफिसात अर्ज द्यायचा. क्लास चालू राहतो.

“मला वाटतं तू बेजबाबदार आहेस” यात भावना नाही, आरोपच आहे. ‘मी’ने सुरू झालेल्या वाक्यात घाबरलो, वाईट वाटलं, एकटं वाटलं असा साधा शब्द यायला हवा. राग डोक्यात चढलेला असताना हा शब्द सुचत नाही. तेव्हा “थोड्या वेळाने बोलतो” एवढंच सांगून बाहेर जावं, पाणी प्यावं, वीसेक मिनिटांनी परत यावं. ओरडून झालं असेल तर दुसऱ्या दिवशीही सांगता येतं, “काल मी घाबरलो होतो.”

मात्र प्रत्येक रागाखाली भीती किंवा दुःख शोधू नये. ठेकेदाराने मजुरी बुडवली, कुणी जातीवरून अपमान केला, तर तो राग अन्यायाचा आहे. तो तक्रारीत आणि संघटनेत लागू द्यावा.

दुसरी गोष्ट मारहाणीची. नवरा मारत असेल तर त्याच्या मनातलं दुःख शोधणं हे बायकोचं काम नाही. आधी तिने सुरक्षित व्हायचं. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२.

तिसरी गोष्ट, दोन आठवड्यांहून जास्त काळ चिडचिड, झोप उडालेली, जेवण नको, कशातच मन नाही असं असेल, तर ते नैराश्य असू शकतं. पुरुषांमध्ये ते रडण्याऐवजी रागातून दिसू शकतं. अशा वेळी सरकारी रुग्णालयात मानसिक आजारांच्या डॉक्टरांना दाखवावं, किंवा टेलिमानसच्या १४४१६ या मोफत नंबरवर बोलावं. तिथे मराठीतही बोलता येतं. आणि मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी फोन करायचा आणि त्या माणसाला एकटं सोडायचं नाही.